मॉडेल ओळखता येईल असा फोटो कसा काढायचा? मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला महाराणी रोडच्या भागात आमचं घरगुती यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. रामबाग, राजेंद्र नगर, सुदामा नगर इथली मराठी घरं तर आमच्याकडे येतातच, पण देवास, महू, उज्जैनहूनही लोक आधी फोटो पाठवतात आणि मग पार्ट न्यायला येतात. फोटो नीट असला तर एका फेरीत काम होतं. नसला तर चुकीचा कपलर, म्हणजे मिक्सरच्या मोटरीचं फिरणं भांड्यातल्या पात्यापर्यंत पोचवणारा दातेरी भाग, घेऊन महूला परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, असं होतं. ते होऊ नये म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे सविस्तर लिहून ठेवले आहेत.

कंपनीचं नाव सांगितलं आणि समोरून एक फोटो पाठवला, तर तेवढ्यावर ओळखता येत नाही का?

बहुतेक वेळा नाही. एकच कंपनी एकाच साच्यात पाचशे वॅटचा मिक्सरही काढते आणि साडेसातशे वॅटचाही. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, रंगसुद्धा तोच असतो. आतली मोटर, कार्बन ब्रश आणि कधीकधी कपलर मात्र वेगळे असतात. समोरच्या फोटोवरून मला घराणं कळतं, नेमका माणूस कळत नाही.

आम्हाला तीन फोटो हवे असतात. पहिला पूर्ण यंत्राचा, दुसरा लेबलचा, आणि तिसरा जो भाग बदलायचा आहे त्याचा. यातला दुसरा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच सर्वांत जास्त वेळा बिघडलेला येतो. म्हणून पुढे जास्त लिहिलं आहे ते लेबलबद्दलच.

लेबल असतं कुठे?

मिक्सरचं लेबल तळाला असतं. आधी प्लग काढा, भांडं उतरवा, ओट्यावर जाड टॉवेल घाला आणि मिक्सर त्यावर आडवा ठेवा. समोरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनचं लेबल बहुधा दार उघडल्यावर काठावर दिसतं, किंवा दाराच्याच आतल्या बाजूला असतं. वरून कपडे टाकायच्या मशीनचं मागच्या पत्र्यावर असतं. फ्रिजचं आतल्या बाजूच्या भिंतीवर, भाजीच्या कप्प्याजवळ शोधा, नाहीतर पाठीमागे खाली. पाण्याच्या मोटरीला अंगावरच धातूची पट्टी रिव्हेट केलेली असते.

फ्रिज आणि एसीवर जे वीजबचतीचं तारे असलेलं स्टिकर असतं, त्यावरही मॉडेलचं नाव छापलेलं असतं. मागचं लेबल हाताला लागत नसेल तर निदान त्याचा फोटो पाठवा. सुरुवात करायला तो पुरतो.

लेबलवर खूप आकडे आहेत. त्यातला मॉडेल नंबर कोणता?

हा प्रश्न रोज येतो, आणि चूकही ठरावीकच होते. ठळक अक्षरांत छापलेला आकडा मॉडेलचा, असं लोकांना वाटतं. पण मिक्सरच्या लेबलवर ठळक दिसतं ते आयएसआयचं चिन्ह आणि त्यावरचा `IS 4250`. हा नंबर मिक्सरसाठीच्या भारतीय मानकाचा आहे. कोणत्याही कंपनीच्या प्रमाणित मिक्सरवर तोच सापडेल. छताच्या पंख्यावर `IS 374` असतं आणि घरगुती मोनोब्लॉक मोटरीवर बहुधा `IS 9079`. या आकड्यावरून एवढंच कळतं की ही वस्तू मिक्सर आहे की पंखा, आणि ते तर फोटोतही दिसतंच.

त्याच चिन्हाच्या खाली `CM/L` ने सुरू होणारा एक लांब आकडा असतो. तो मानक ब्युरोने कारखान्याला दिलेल्या परवान्याचा. त्या कारखान्यातून निघालेल्या अनेक मॉडेलांवर तो एकच असू शकतो. अडॅप्टर, टीव्ही अशा वस्तूंवर `R-` ने सुरू होणारा आठ आकडी नंबर दिसतो. तो नोंदणीचा आहे, तोही मॉडेल नव्हे.

मग मॉडेल कोणतं? ज्या ओळीच्या सुरुवातीला मॉडेल, मॉडेल नंबर, टाइप किंवा कॅट नंबर असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, ती ओळ. बॉश आणि सीमेन्सच्या यंत्रांवर त्याऐवजी `E-Nr.` असं लिहिलेलं असतं. त्यातली तिरकी रेघ आणि तिच्यापुढचे दोन आकडे सोडू नका. रेघेच्या आधीचं सगळं सारखं असलेल्या दोन मशीनांचे पार्ट वेगळे असू शकतात, आणि तो फरक त्या दोन आकड्यांतच दिलेला असतो. याच लेबलवर `FD` पुढे चार आकडे असतात. त्यातल्या पहिल्या दोनांत २० मिळवले की वर्ष निघतं आणि पुढचे दोन म्हणजे महिना. ९८०३ असेल तर ९८ अधिक २० म्हणजे ११८, म्हणून साल २०१८ आणि महिना मार्च.

तरीसुद्धा माझं सांगणं असं की कोणती ओळ कामाची हे तुम्ही ठरवत बसू नका. पूर्ण लेबल चारही कोपऱ्यांसकट एका फोटोत घ्या. वॅट, व्होल्ट, आकड्यांची बारीक ओळ, सगळं येऊ द्या. नंबर फोनवर वाचून दाखवला तर इंग्रजी बी आणि आठ, एस आणि पाच, ओ आणि शून्य यांची हमखास गल्लत होते. फोटोत मी ते स्वतः बघू शकतो.

लेबल चकाकतं. फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग येतो आणि बंद केला की अंधार. काय करू?

फ्लॅश बंदच ठेवा. तो लेन्सच्या अगदी शेजारी असतो, म्हणून लेबलवर सरळ पडलेला उजेड सरळ परत लेन्समध्ये येतो. नेमका जिथे नंबर असतो तिथेच डाग पडतो, असं लोक म्हणतात. त्याचं कारण साधं आहे: नंबर मधोमध यावा असा आपण फोन धरतो आणि डागही मधोमधच पडतो.

उजेड खिडकीचा घ्या. मिक्सर उचलून गॅलरीत किंवा खिडकीपाशी आणा, पण थेट उन्हात ठेवू नका. खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे उभे राहा. खिडकी पाठीमागे ठेवली तर तुमची आणि फोनची सावली लेबलवर पडते.

तरीही चकाकत असेल तर लेबल कोणत्या जातीचं आहे ते बघा, कारण दोन जातींचे दोन उलटे उपाय आहेत. चंदेरी कागदावर काळी अक्षरं असतील तर ते लेबल आरशासारखं वागतं. समोर जे असेल ते त्यात दिसतं: ट्यूबलाइट, तुमचा शर्ट, फोन. अशा वेळी त्याला दाखवायलाच एक कोरा पांढरा कागद द्या. लेबलच्या एका बाजूला कागद तिरपा धरा आणि फोन थोडा विरुद्ध बाजूला न्या. चंदेरी भागात तो पांढरा कागद उमटला की काळी अक्षरं छापल्यासारखी उठून दिसतात.

काळ्या गुळगुळीत लेबलवर पांढरी अक्षरं असतील तर याच्या नेमकं उलट करा. त्याला गडद काहीतरी दाखवा. काळी छत्री, गडद शाल, काहीही चालेल. पार्श्वभूमी काळीभोर होते आणि अक्षरं स्वच्छ निघतात.

काळ्या यंत्रावरच्या छोट्या पांढऱ्या लेबलची अडचण चकाकण्याची नसते. फोन आजूबाजूचा काळा रंग बघून फोटो उजळ करतो आणि लेबल पांढरंफटक पडतं. अशा वेळी पडद्यावर लेबलवर बोट टेकवा. बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह किंवा पट्टी येते, ती खाली ओढा. अक्षरं दिसू लागली की थांबा, बाकीचं यंत्र काळं झालं तरी हरकत नाही.

अगदी जवळ नेलं की फोटो धूसर येतो. फोन खराब आहे का?

फोन बहुधा ठीक असतो, तुम्ही जास्त जवळ गेलेले असता. प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर लागतं, त्याहून जवळचं तिला स्पष्ट दिसत नाही. फोन लेबलपासून साधारण एक वीतभर लांब, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटरवर न्या आणि दुप्पट झूम करा. लेबल पडद्यावर तेवढंच मोठं दिसेल, पण स्वच्छ. लांब राहिल्यामुळे फोनची सावलीही पडत नाही.

स्वस्त फोनमध्ये मॅक्रो नावाचा वेगळा छोटा कॅमेरा असतो. नाव बघून लोक तो वापरतात, पण बऱ्याच फोनमध्ये तो जेमतेम दोन मेगापिक्सेलचा असतो. मुख्य कॅमेराच वापरा.

हात हलत असेल तर फोन दोन उभ्या डब्यांना टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबताना बसणारा हिसका त्याने टळतो. पाठवण्यापूर्वी फोटो उघडा, मोठा करा आणि सर्वांत बारीक ओळ स्वतः वाचून बघा. तुम्हाला वाचता आली नाही तर इथे बसून मलाही येणार नाही.

फोन लेबलला समांतर धरूनच फोटो का काढायचा? तिरपा फोटो वाचता येतोच की.

वाचता येतो, पण अर्धाच. तिरप्या फोटोत लेबलची एक बाजू लेन्सजवळ आणि दुसरी लांब असते, त्यामुळे एक टोक स्पष्ट आणि दुसरं धूसर येतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून चौकटीच्या रेषा चालू करा आणि लेबलची कड त्या रेषेशी जुळवा. चारही कडा जुळल्या म्हणजे फोन समांतर आहे.

मोटरीचं अंग गोल असतं, तिथे लेबल वळलेलं असल्यामुळे एका फोटोत मावत नाही. दोन काढा, एक जरा डावीकडून आणि एक उजवीकडून. मधली काही अक्षरं दोन्हीत आली की मला जोडून वाचता येतं.

लेबल पुसट झालंय किंवा नंबर कोरलेला आहे, दिसतच नाही. आता?

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण अशा वेळी घाईत लेबल कायमचं जातं.

पहिली गोष्ट, ते घासू नका. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर यातलं काहीही लावू नका. धूळ-तेलाबरोबर शाईही निघून जाते. मऊ फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि हलकं टिपून घ्या, एवढंच. हेअर ड्रायरने सुकवायचा मोहही टाळा. काही लेबलं उष्णतेने छापलेली असतात, गरम हवेने ती पूर्ण काळी पडतात.

मग आडवा उजेड वापरा. खोलीत अंधार करा, दुसऱ्या फोनचा टॉर्च लावा आणि तो लेबलच्या बाजूला, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. उजेड लेबलवरून घसरत गेला पाहिजे. शाई गेलेली असली तरी छपाईच्या वेळी कागद दबलेला असेल तर त्या खाचेची सावली पडते आणि आकडा उमटतो. टॉर्च हळूहळू लेबलभोवती फिरवा. एका बाजूने सात दिसतो, दुसऱ्या बाजूने तोच एक असल्याचं कळतं. म्हणून चार बाजूंनी चार फोटो काढा. प्लास्टिकमध्ये साच्यातूनच उठवलेले काळ्यावर काळे आकडे आणि धातूवर ठोकलेले आकडे यांना तर हाच उपाय आहे.

कोरलेल्या आकड्यांसाठी खडूही छान चालतो. पांढरा खडू आकड्यांवर आडवा घासा आणि कोरड्या बोटाने वरचा थर पुसून टाका. खाचांमध्ये खडू राहतो. सोसायटीतल्या पाण्याच्या मोटरीला रंगवाल्याने पट्टीसकट हिरवा किंवा निळा रंग मारलेला असतो, तिथे हे फार उपयोगी पडतं. ब्लेडने रंग खरवडू नका, रंगाबरोबर ठोकलेला उथळ आकडाही जातो. मोटरीजवळ जायच्या आधी एमसीबी खाली करा. मोटरघरातली फरशी बहुधा ओली असते.

मोटरीचं मॉडेल नाहीच मिळालं तरी पट्टीवरची एचपी किंवा किलोवॅट, पाइपचं माप, हेडचे मीटर आणि कपॅसिटरचे मायक्रोफॅरड एवढं वाचता आलं तर निम्मं काम होतं.

लेबलच उरलेलं नाही. एवढ्यासाठी मिक्सर टाकून द्यायचा का?

मुळीच नको. रामबागेतल्या एका काकूंचं उदाहरण सांगतो.

मिक्सर त्यांच्या लग्नातला, म्हणजे बराच जुना. भांडं बसवलं की मोटर फिरायची, पण पातं जागचं हलत नव्हतं आणि खालून खरखर ऐकू यायची. म्हणजे कपलर गेलेला, हे त्यांनाही ठाऊक होतं. पहिला फोटो आला तो ओट्यावरचा, भांड्यासकट, मागे ट्यूबलाइट. दुसरा तळाच्या लेबलचा, फ्लॅश मारलेला. डागाच्या कडेला फक्त आयएसआयचं चिन्ह दिसत होतं, आणि काकूंनी खाली लिहिलं होतं, "मॉडेल ४२५० आहे." हे मानक आहे, मॉडेल नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

त्यांच्या नातीने मग टॉर्च आडवा धरून चार फोटो पाठवले. मॉडेलच्या ओळीतली पहिली दोन अक्षरं आली आणि पुढे चटणीच्या पाण्याने कागदच गेलेला. वॅटचा आकडा मात्र मिळाला, ५५०. कंपनी कळली, ताकद कळली, मॉडेलचा मागमूस नाही. माझ्याकडे त्या कंपनीचे त्या काळातले तीन कपलर होते आणि तिन्ही बसण्याची शक्यता होती.

मग मी कपलरचाच फोटो मागितला, भांडं काढून, बरोबर वरून, शेजारी फूटपट्टी ठेवून. फोटो आला. दात सहा होते, त्यातले दोन झिजून गोल झालेले. पण पट्टीशी ताडून बघितलं तर व्यास ४७ मिलिमीटर येत होता आणि माझ्याकडच्या तिघांपैकी एकाचाही तेवढा नव्हता.

चूक पट्टीच्या जागेची होती. नातीने पट्टी ओट्यावर ठेवली होती आणि कपलर ओट्यापासून सुमारे सहा सेंटिमीटर उंच होता. फोन ओट्यापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर पट्टी ३० वर राहते आणि कपलर २४ वर. जवळची वस्तू मोठी दिसते, इथे सव्वापट. ३८ मिलिमीटरचा कपलर ४७ आणि अर्धा दिसणार, आणि माझ्या मापाशी ते जुळत होतं. तिला म्हटलं, "पट्टी कपलरच्या उंचीला आण. मिक्सरच्या कडेवरच आडवी ठेव, आणि फोन हातभर वर ने." मागे गेल्याने फरक कमी होतो. ९० सेंटिमीटरवरून काढला असता तर पट्टी ओट्यावर असूनही चूक तीनच मिलिमीटरची झाली असती. दुसऱ्या फोटोत व्यास ३८ भरला आणि तीनपैकी एक कपलर ओळखला गेला. शेवटी भांडं उलटं करून त्याच्या तळाचा फोटोही मागवला. भांड्याच्या कपलरचे दात आणि अडकवायचे खाचे जुळले आणि काकूंचा मिक्सर पुन्हा सुरू झाला.

लेबल नसेल तर हाच क्रम धरा: पूर्ण मिक्सर, कपलर बरोबर वरून, पट्टी त्याच उंचीवर, भांड्याचा तळ, बटणाची बाजू. पट्टी नसेल तर २०१९ च्या आधीचं पाच रुपयांचं नाणं चालेल, त्याचा व्यास २३ मिलिमीटर असतो. एटीएम कार्ड ठेवू नका. माप छान मिळतं, पण नंबर फोटोत जातो.

पूर्ण यंत्राचा फोटो कोणत्या बाजूने काढायचा?

एक बरोबर समोरून, फोन यंत्राच्या मध्याच्या उंचीला. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत वॉशिंग मशीनचा वरचा भाग रुंद आणि पाया निमुळता दिसतो, आणि मग आकारावरून काहीच ठरवता येत नाही. दुसरा कोपऱ्यातून, समोर आणि एक बाजू दोन्ही दिसतील असा. त्यात खोली कळते. दोन पावलं मागे जा, अर्ध्या झूमची रुंद लेन्स वापरू नका, तिच्यात कडा वाकतात. बटणांची पट्टी वेगळी काढा. मॉडेलप्रमाणे बटणांची संख्या आणि त्यांवरचे शब्द बदलतात.

फ्रिज भिंतीला टेकलेला आहे, मागचं लेबल कसं काढू?

एकट्याने फ्रिज ओढू नका. फोनवर व्हिडिओ सुरू करा, टॉर्च लावा, फोन मागच्या फटीत सरकवा आणि अगदी सावकाश वरून खाली आणा. मग व्हिडिओ थांबवून जिथे अक्षरं स्पष्ट आहेत ते चित्र पाठवा. व्हिडिओ मागच्या कॅमेऱ्यानेच घ्या. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेलं चित्र काही फोनमध्ये उलटं साठवलं जातं आणि आकडे वाचताना घोळ होतो.

फोनमध्ये फोटो स्पष्ट आहे, तुमच्याकडे मात्र धूसर पोचतो. असं का?

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं म्हणून. साध्या पद्धतीने पाठवला तर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. आता हिशोब बघा. पूर्ण मिक्सर ३० सेंटिमीटरच्या चौकटीत घेतला तर एका मिलिमीटरला पाच पिक्सेल येतात, म्हणजे लेबलवरचं दोन मिलिमीटरचं अक्षर दहा पिक्सेलचं. त्यात बी आणि आठ वेगळे ओळखता येत नाहीत. फक्त आठ सेंटिमीटरचं लेबल चौकटभर घेतलं तर तेच अक्षर चाळीस पिक्सेलचं होतं, आणि लहान झालेल्या फोटोतही सहज वाचता येतं. म्हणून लेबल चौकटभर घ्या, हा पहिला उपाय. दुसरा, पाठवताना वर दिसणारं `HD` निवडा. तिसरा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग तो जसाच्या तसा येतो. गॅलरीतल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून पाठवू नका.

सिरियल नंबर झाकला तर चालेल का?

सार्वजनिक ग्रुपवर टाकताना अवश्य झाका. सिरियल नंबरवरून दुसऱ्याच्या नावाने वॉरंटीची तक्रार नोंदवली जाऊ शकते. दुकानदाराला थेट पाठवताना मात्र दिसू द्या, काही कंपन्यांमध्ये बनावटीचा महिना त्यातूनच कळतो. आणि एक लक्षात ठेवा: डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत, कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर, घराचं ठिकाणही जातं. ती परवानगी आधी बंद करा.

झाकायचं असेल तर फोटो काढताना कागदाची चिठ्ठी ठेवा. नंतर रंगाच्या पेनने खोडताना शेजारची मॉडेलची ओळही खोडली जाते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

लेबल स्वच्छ होतं, मॉडेल बरोबर होतं, तरी पार्ट बसला नाही. असं होऊ शकतं?

होतं, आणि माझ्या हातूनही झालं आहे. देवासच्या एका कुटुंबाने वॉशिंग मशीनच्या लेबलचा उत्तम फोटो पाठवला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मी त्या मॉडेलचा पाणी उपसायचा पंप दिला. घरी मेकॅनिकने खोललं तर जुना पंप तीन स्क्रूंनी बसवलेला होता आणि माझा फिरवून अडकवायचा. वायरीची टोकंही वेगळी. कंपनीने त्याच मॉडेलमध्ये दोन वेगळ्या कारखान्यांचे पंप वापरले होते आणि यंत्राच्या लेबलवर त्याची काहीच खूण नव्हती. त्यांची फेरी वाया गेली, मी पंप बदलून दिला, पण आठवडाभर त्यांचे कपडे हाताने धुवावे लागले.

तेव्हापासून मी पार्टवरचं लेबलही मागतो. पंप, मोटर, टायमर, सर्किट बोर्ड, यांना स्वतःचं छोटं लेबल असतं आणि ते यंत्राच्या लेबलपेक्षा जास्त नेमकं सांगतं. मेकॅनिकने पार्ट काढल्यावर त्याच्याकडूनच तीन फोटो काढून घ्या: पार्टवरचं लेबल चौकटभर, वायरी लागतात ती बाजू, आणि बसवायची बाजू. वायरी काढण्याआधीचा एक फोटो जास्तीचा काढा, कोणता रंग कुठे लागला होता ते नंतर आठवत नाही. मायक्रोवेव्ह मात्र फोटोसाठी घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट राहू शकतो. मायक्रोवेव्हचं दार उघडलं की दिसणारं किंवा पाठीवरचं लेबल पाठवा, आतला फोटो मेकॅनिककडून घेऊ.